पाण्यावर लावलेलं शून्य

तेरा दिवसांनी भूदेवीने लॅबचा फ्रिज उघडला आणि आत तरवडीची फुलं सापडली. वाळून चिवडा झालेली, पिवळी. खालच्या कप्प्यात कुरडूचे चार तुरे एकमेकांना टेकून मेले होते. बतुकम्मा, तेलंगणातल्या सणाचा फुलांचा मनोरा, रचायला मालकांच्या घरच्या बायकांनी फुलं आणून ठेवली असणार. घर लॅबच्या वरच्याच मजल्यावर, आणि वरचा फ्रिज मटणाने भरलेला, म्हणून फुलं खाली. फुलांचं तिला काही वाटलं नाही. सण होता, फुलं येणारच. फुलं ठेवायला जागा कुणाला उठवून केली, हे तिने आधी पाहिलं.

ग्लुकोजच्या रिएजंटच्या बाटल्या खिडकीत होत्या, मशीनच्या शेजारी, हाताशी. सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर पडत होतं. बाटलीवर ठळक छापलं होतं की दोन ते आठ अंशांत, अंधारात ठेवा. एक बाटली अर्धी झाली होती. भूदेवीने ती उजेडात धरली. ते पाणी नितळ स्वच्छ असायला हवं. ते गुलाबी होतं. लग्नातल्या गुलाबी सरबताइतकं नाही, पण नव्या नवरीच्या गालाइतकं नक्की.

तेवढ्यात विनोदा आली.

विनोदा म्हणजे विड्या वळणाऱ्या नरसव्वाची मुलगी. स्वतःही विड्याच वळायची, त्यामुळे बोटांना तंबाखूचा वास आणि जिभेला तंबाखूची धार. ती आरडाओरडा करत येईल असं कुणालाही वाटलं असतं. ती ओरडली नाही. तिने एक घडी घातलेला कागद टेबलावर ठेवला, हाताने सपाट केला आणि विचारलं, "ही सही तुझी ना, अक्का?"

सही भूदेवीचीच होती. मंगळवारची तारीख, नरसव्वाचं नाव, उपाशीपोटी साखर: डेसीलिटरला शहात्तर मिलिग्रॅम. खाली भूदेवीची निळी, वळणदार सही. मंगळवारी मात्र भूदेवी निर्मलला होती, मुलीच्या बाळंतपणात, आणि त्या दिवशी तिने लंगोटांखेरीज कशालाच हात लावला नव्हता.

बाकीचं विनोदाने उभ्या उभ्या सांगितलं. आई रोज सकाळी बावीस युनिट इन्सुलिन घ्यायची. आठवडाभर पहाटे घामाने भिजून उठत होती, हात थरथरत होते, एकदा सुपातली सगळी पानं सांडली. म्हणून मंगळवारी रक्त तपासलं. समोरच्या डॉक्टर दयाकरांनी रिपोर्ट पाहिला, शहात्तर म्हणजे छान, म्हणाले. साखर कमी पडलेली नाही, अशक्तपणा आहे, इन्सुलिन आहे तेवढंच चालू ठेवा. बुधवारी सकाळी बावीस युनिट टोचले आणि तासाभरात आई चुलीपाशी आडवी झाली. सरकारी दवाखान्यात बोटाला टोचून पाहिलं तर अठ्ठावीस. सलाइनमधून साखर चढवली. आता डोळे उघडते, पण विनोदाला आपल्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारते, आणि ती बहीण मरून अकरा वर्षं झाली.

"तिथली डॉक्टरबाई म्हणाली, आदल्या दिवशी कुणी नीट तपासलं असतं तर डोस कमी झाला असता," विनोदा म्हणाली. "तर मी विचारायला आले, कुणी तपासलं."

भूदेवीचा राग कधी उतू जाणाऱ्या दुधासारखा यायचा नाही. तो मोजून यायचा, थेंब थेंब, पिपेटमधून यावा तसा. तिने विनोदाला स्टुलावर बसवलं आणि रजिस्टर ओढलं.

हे रजिस्टर तिचं होतं. एकोणीस वर्षं तिने रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी दोन आकडे लिहिले होते: ब्लँक आणि स्टँडर्ड. ब्लँक म्हणजे नुसतं रिएजंट, त्यात कुणाचंही रक्त नाही. स्टँडर्ड म्हणजे त्याच रिएजंटमध्ये ठरावीक साखरेचं पाणी, डेसीलिटरला बरोबर शंभर मिलिग्रॅमचं. रिएजंट साखरेला भेटलं की गुलाबी होतं, जितकी साखर तितका गडद रंग, आणि मशीन तो रंग मोजतं. रुग्णाच्या रंगाला स्टँडर्डच्या रंगाने भागायचं, शंभराने गुणायचं, झाला रिपोर्ट. व्यवहार साधा. पण रिएजंटचा स्वतःचा जो थोडाबहुत रंग असेल तो दोघांतूनही आधी वजा व्हायला हवा, नाहीतर फुकटचा रंग साखरेच्या नावावर चढतो. मशीनला ब्लँक दाखवला की ते काम मशीनच करतं.

तिच्या हस्ताक्षरातल्या ओळी सरळ चालल्या होत्या. ब्लँक ०.०३८, स्टँडर्ड ०.३१८. ब्लँक ०.०४१, स्टँडर्ड ०.३२२. आकड्यांना जरा जरा खालीवर व्हायची सवय असते, जिवंत माणसाच्या नाडीसारखी. मग तिची रजा सुरू झाली आणि अक्षर बदललं. ते अक्षर नरेंदरचं.

नरेंदर हा मालक व्यंकटराजम यांचा जावई. हैदराबादेत मोबाइलच्या कंपनीत माणसांवर देखरेख करायचा. सासऱ्याने लॅब सांभाळायला बोलावलं तेव्हा त्याने पहिल्या आठवड्यात दारावर काचेचं दार बसवलं आणि दुसऱ्या आठवड्यात भूदेवीची सही कागदावरून उचलून संगणकात ठेवली. म्हणजे ती नसली तरी काम अडायला नको. भूदेवीने तेव्हा हरकत घेतली होती. तिला सांगण्यात आलं की सही म्हणजे एक चित्रच असतं.

त्याच्या ओळींत ब्लँकच्या रकान्यात लिहिलं होतं ०.०००. दुसऱ्या दिवशी ०.०००. तिसऱ्या दिवशी ०.०००. बारा दिवस, बारा वेळा. खऱ्या रिएजंटला एवढं सोवळं जमत नाही. आणि शेजारी स्टँडर्ड मात्र रोज चढत गेला होता: ०.३९२, ०.४१५, ०.४४०, अगदी मंगळवारी ०.५५२. साखरेचं पाणी तेच, बाटली तीच, शंभरचे एकशे एकही होणार नाहीत, आणि रंग रोज वाढतोय. जणू स्टँडर्डलाच मधुमेह झाला.

भूदेवीने नुसता तो रकाना पाहिला आणि तिला सगळं कळलं. हिशेबात चोरी शोधायला चोराच्या घरी जावं लागत नाही.

नरेंदर साडेनऊला आला, मागोमाग व्यंकटराजम. विनोदाला पाहून सासऱ्याने जावयाकडे पाहिलं, जावयाने मोबाइलकडे. त्यांना बातमी कालच पोचली होती, हे भूदेवीने ओळखलं, कारण कुणीच विचारलं नाही की काय झालं. व्यंकटराजम वाईट माणूस नव्हता. पण वाईट नसलेला माणूस अडचणीत सापडला की कुणाच्या पाठीवर पाय देऊन वर येईल याचा नेम नसतो. त्याने भूदेवीला आतल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली, नातवाचं नाव काय ठेवलं ते विचारलं. मग खिशातून एक टाइप केलेला कागद काढला. त्यात लिहिलं होतं की मंगळवारी दोन रुग्णांच्या नळ्या नजरचुकीने बदलल्या गेल्या, त्याबद्दल तंत्रज्ञ दिलगीर आहे. खाली सहीपुरती जागा कोरी.

"मंगळवारी मी इथे नव्हते, सार."

सही तर तिचीच आहे ना, व्यंकटराजम समजुतीने म्हणाला. नळ्या बदलणं ही काय, माणसाकडून होणारी चूक आहे. त्यात एकाच बाईचा प्रश्न मिटतो. विनोदाला काहीतरी देता येईल. एकोणीस वर्षांचं नाव आहे भूदेवीचं, लोक तिला माफ करतील. जावयाचं नुकतंच कुठे बस्तान बसतंय.

"एकोणीस वर्षांचं नाव आहे म्हणून ते फाडून जावईबापूंच्या जखमेला पट्टी करायची," भूदेवी म्हणाली. "आणि बाकीच्यांचं काय?"

बाकीचे कोण, असं व्यंकटराजमने खरोखरच विचारलं. तेव्हा तिच्या लक्षात आलं की याला माहीतच नाही. तिने कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि चष्म्याच्या डबीत ठेवला. पुरावा टाकून देऊ नये, असं तिचं मत होतं.

बाहेर येऊन तिने नरेंदरला एकच गोष्ट विचारली: मशीन 'ब्लँक' मागतं तेव्हा तू काय पाजतोस.

नरेंदरने आढेवेढे घेतले नाहीत. त्याला त्यात लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. मशीन आधी शुद्ध पाणी मागतं, ते दिलं. मग रिएजंट ब्लँक मागतं, तेही पहिल्या दिवशी दिलं. तर मशीन किंचाळायला लागलं. पडद्यावर लाल अक्षरं: ब्लँक मर्यादेबाहेर. बाहेर वीस माणसं उपाशीपोटी बसलेली. त्याने दोनदा केलं, दोनदा किंचाळलं. तिसऱ्यांदा त्याने ब्लँकच्या जागीही पाणीच दिलं आणि मशीन गप्प झालं. मग रोज तसंच. "शून्य तर शून्य," तो म्हणाला. "पाण्यावर लावा नाहीतर तुमच्या औषधावर. आणि काकी, एक सांगू? या बारा दिवसांत एक तक्रार नाही. उलट लोक खूश आहेत. सणाच्या दिवसांत सगळ्यांच्या साखरा खाली आल्या."

भूदेवीने हातमोजे चढवले. कुत्रा भुंकतो म्हणून चोराने त्याला भाकरी टाकावी हे समजण्यासारखं आहे. इथे घरधन्यानेच टाकली होती.

तिने शटर अर्धं खाली ओढायला सांगितलं नाही. उलट दार सताड उघडं ठेवलं आणि विनोदाला मशीनपाशी बोलावलं. व्यंकटराजम म्हणाला की बाहेरच्या माणसाला आत कशाला. भूदेवी म्हणाली, बाहेरच्या माणसाच्या आईचं रक्त आत पडलंय म्हणून.

फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, फुलांच्या वर, नळ्यांचा रॅक होता. तपासलेलं सीरम तीन दिवस जपून ठेवायचं, हा तिचाच नियम, आणि तो मात्र कुणी मोडला नव्हता. कारण नळ्या फेकायलाही कुणीतरी लागतं. मंगळवारची सतरा नंबरची नळी नरसव्वाची. वेळीच रक्तपेशींपासून वेगळं करून बूच मारलेलं सीरम, त्यातली साखर कुणी खाल्लेली नव्हती. फ्रिजच्या तळाशी रिएजंटचं नवं खोकं होतं, मोहोरबंद. 'जुनी बाटली संपल्याशिवाय नवी फोडू नये' अशी चिठ्ठी नरेंदरने वर चिकटवली होती. भूदेवीने चिठ्ठीसकट खोकं फोडलं.

तिने सहा नळ्या मांडल्या. तीन जुन्या रिएजंटच्या, तीन नव्याच्या. प्रत्येकीत एक एक मिलिलिटर. पहिलीत आणखी काही नाही. दुसरीत दहा मायक्रोलिटर स्टँडर्ड, सुईच्या टोकावर मावेल एवढं. तिसरीत तेवढंच नरसव्वाचं सीरम. नव्याच्या तिन्हींतही तसंच, दर वेळी पिपेटचं टोक बदलून. मग सदतीस अंशांच्या पेटीत दहा मिनिटं.

त्या दहा मिनिटांत नरेंदरने दोनदा घड्याळ पाहिलं. बाहेरच्या बाकावर उपाशीपोटी आलेली माणसं माना लांब करून बघत होती. एकाने तर बरोबर आणलेल्या डब्याचं झाकण उघडून परत लावलं.

नळ्या बाहेर निघाल्या आणि मशीनची गरजच उरली नाही. नव्या रिएजंटची पहिली नळी जवळजवळ पाण्यासारखी होती. जुन्याची पहिली नळी गुलाबी.

विनोदाने त्या गुलाबी नळीवर बोट ठेवलं. "यात कुणाचं रक्त आहे, अक्का?"

"कुणाचंच नाही."

"मग लाल कशाने झाली?"

"उन्हाने. खिडकीत बसून."

मग भूदेवीने मशीनला पाण्यावर शून्य लावलं, नरेंदर लावायचा तसंच, आणि जुन्या तीन नळ्या वाचल्या. ब्लँक ०.३१०. स्टँडर्ड ०.५६०. नरसव्वा ०.४२५. तिने कागदावर मोठ्या आकड्यांत लिहिलं आणि व्यंकटराजमलाच गणकयंत्र दिलं. सव्वाचारशेला पाचशे साठने भागा, शंभराने गुणा. व्यंकटराजमने भागलं. पंचाहत्तर पूर्णांक नऊ. म्हणजे शहात्तर. रिपोर्टवर होतं तेच.

"बघा," नरेंदर म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटकेचं हसू आलं. "बरोबर तर आहे."

विनोदाने भूदेवीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पहिल्यांदाच शंका आली, की हीदेखील त्यांच्यातलीच. भूदेवी जावयाशी बोललीच नाही. ती विनोदाकडे वळली.

"ठेकेदार तुम्हाला तंबाखू कशी तोलून देतो? डब्यासकट?"

"डब्यासकट. पण आधी डब्याचा धडा करायला लावतो आम्ही, रिकाम्या डब्याचं वजन वजा. नाही केला तर पायरीवरून हलत नाही."

"डबा धर तीनशे ग्रॅमचा. पूर्ण वाटा अडीचशेचा. डब्यासकट काटा किती दाखवेल?"

"साडेपाचशे."

"आता तुला निम्माच वाटा दिला. सव्वाशे."

"सव्वाचारशे."

"डबा विसरून ठेकेदार म्हणाला, साडेपाचशेला पूर्ण वाटा, तुझे सव्वाचारशे, म्हणजे तुला पाऊण हिस्सा मिळाला. काय म्हणशील?"

विनोदाने क्षणभरही विचार केला नाही. विड्या वळणाऱ्या बाईला हे आईच्या पोटातच शिकवलेलं असतं. "त्याला म्हणेन, डबा तुझ्या घरी ने आणि धूर काढ त्याचा," ती म्हणाली. "अर्धा देऊन पाऊण सांगतो मेला." आणि मग ती थांबली. टेबलावरच्या गुलाबी नळीकडे तिने परत पाहिलं. "हा डबा आहे."

"हा डबा आहे. माझ्या सहीने विकला गेला."

तिने गणकयंत्र पुन्हा व्यंकटराजमच्या हातात दिलं. आता दोन्हींतून ०.३१० वजा करा. स्टँडर्डचे उरले ०.२५०, नरसव्वाचे ०.११५. भागा. व्यंकटराजमने भागलं आणि आकडा मोठ्याने वाचला नाही, म्हणून विनोदाने त्याच्या खांद्यावरून वाचला. सेहेचाळीस.

मग नवं रिएजंट. या वेळी शून्य त्याच्या स्वतःच्या ब्लँकवर लावलं. स्टँडर्ड ०.३२०, नरसव्वा ०.१४७. भागून पंचेचाळीस पूर्णांक नऊ, म्हणजे सेहेचाळीस. मंगळवारी सकाळी नरसव्वाच्या अंगात सेहेचाळीस साखर होती. कागदावर शहात्तर गेली, डॉक्टर छान म्हणाले, आणि बुधवारी तिने बावीस युनिट टोचून घेतले.

विनोदा रडेल असं व्यंकटराजमला वाटलं असावं, त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. विनोदाने तो घेतला आणि सावकाश, एक थेंब न सांडता, नरेंदरच्या मोबाइलवर रिकामा केला. "शून्य तर शून्य," ती म्हणाली.

नरेंदर खुर्चीवरून उडाला. यापुढे जे झालं ते ऐकायला बाकावरचे सगळे दाराशी आले. पण भूदेवीचा राग अजून सगळा उतरला नव्हता; तिने आवाज न चढवता सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की भांडण एका नळीचं नाहीच. डबा धरून तोललं की शंभरच्या खालचे सगळे वर सरकतात आणि शंभरच्या वरचे सगळे खाली. ज्याची साखर खरी दोनशे ऐंशी, त्याला या बाटलीने एकशे ऐंशी सांगितलं असेल. सणाच्या जेवणावळी झोडून गावाची साखर उतरली ती अशी. बारा दिवसांत साखरेचे रिपोर्ट किती गेले ते तिने मघाशीच मोजलं होतं: एकशे अठरा. त्या सगळ्यांवर तिची सही. त्या कागदांवरून कुणाच्या गोळ्या कमी झाल्या असतील, कुणाच्या तेवढ्याच राहिल्या असतील, कुणाचा पाय कापायचा की ठेवायचा हे ठरलं असेल.

व्यंकटराजमने मान खाली घालून गणकयंत्र बंद केलं. आता त्याला 'बाकीचे' कळले.

नरेंदर मोबाइल शर्टाला पुसत होता. धूर्त माणसाचं डोकं भिजत नाही. त्याने नवीनच मार्ग काढला, आणि तो वरवर पाहता भूदेवीच्याच पुस्तकातला होता. मशीनच्या कागदी पट्ट्या आहेत, त्याने सांगितलं, सगळ्यांचे रंगाचे आकडे त्यावर आहेत. ब्लँक आपल्याला आज सापडला, ०.३१०. काकींनी आत्ता केलं तसं प्रत्येकातून वजा करायचं, भागायचं, नवे रिपोर्ट छापून घरपोच द्यायचे, 'सुधारित' म्हणून. कुणाला परत सुई नाही, कुणाला काही सांगणं नाही. एका दुपारचं काम. व्यंकटराजमने मान वर केली. बुडत्याला काडी दिसली.

भूदेवीलाही क्षणभर मोह झाला, हे खोटं कशाला सांगायचं. आकड्यांवर तिचं प्रेम होतं, आणि वजाबाकीने एकशे अठरा पापं धुऊन निघतात म्हटल्यावर कुणाचा हात कागदाकडे जाणार नाही. शिवाय आपल्या सहीखाली चूक झाली हे एकशे अठरा दारांत जाऊन सांगायचं होतं तेही वाचलं असतं. पण रजिस्टर तिच्यासमोर उघडं होतं.

"तीनशे दहा हा आजचा," ती म्हणाली. "सणाच्या पहिल्या दिवशी स्टँडर्ड होता तीनशे ब्याण्णव. त्यातून तीनशे दहा काढले तर उरतं काय, ब्याऐंशी? त्या दिवशी बाटली एवढी लाल नव्हतीच. रोज थोडी थोडी झाली. कालचा ब्लँक मी आज कुठून आणू? तो मोजायचा होता तेव्हा तू पाणी पाजलंस."

"अंदाजाने धरू," नरेंदर म्हणाला.

"अंदाजच हवा असेल तर रक्त कशाला काढायचं? तुझ्या सासूबाईंना विचार, त्या चेहरा बघून साखर सांगतात."

बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. हसणारा एकटाच होता. बाकीचे आपापले जुने रिपोर्ट पिशव्यांतून काढून तारखा बघत होते.

भूदेवीने अटी सांगितल्या. अटी म्हणून नाही, ती नुसतं पुढचं काम सांगत होती. एकशे अठरा माणसांना बोलवायचं, खरं कारण सांगायचं, नवं रक्त, नवं रिएजंट, फुकट. डॉक्टर दयाकरांना आत्ता निरोप जाईल, या तारखांचे साखरेचे कागद धरू नका. तिची सही संगणकातून पुसायची, तिच्या डोळ्यांदेखत. व्यंकटराजम पुटपुटला की लॅब बंद पडेल. ती म्हणाली, मशीन तर पहिल्याच दिवशी ओरडून हेच सांगत होतं. आणि चष्म्याच्या डबीतला तो कागद तिने विनोदाला दिला, नळ्या बदलल्याचा. सरकारी दवाखान्याच्या बाईला दाखव, म्हणाली; नळ्या बदलल्या नव्हत्या हे मी लिहून देते, खाली आजची सही, हाताने केलेली.

विनोदाने कागद ब्लाउजमध्ये खोचला. ती अजून रागातच होती. तिने भूदेवीचे आभार मानले नाहीत, आणि भूदेवीला ते रास्त वाटलं. दारात थांबून ती एवढंच म्हणाली, "सही संगणकात ठेवू दिलीस तेव्हा ओरडायचं होतंस, अक्का. त्या मशीनइतकं तरी."

हे मात्र लागलं. दिवसभरात भूदेवीला लागलेलं ते एकच वाक्य, आणि त्यातून वजा करायला तिच्याजवळ काही नव्हतं.

साडेदहा वाजता पहिलं नाव काढून फोन लावणार, तोच ते नाव स्वतःच आलं. चंद्रमौळी पंतुलु, निवृत्त शिक्षक, पांढरं शुभ्र धोतर, हातात अरिसेलूंचा, तेलुगू अनारशांचा, डबा. गुळाच्या पाकाचा वास दारापासूनच आला. साखर एकशे त्र्याऐंशीवर उतरल्याबद्दल लॅबचं तोंड गोड करायला ते आले होते. चौदा वर्षांत पहिल्यांदा दोनशेच्या आत! डॉक्टरांनी एक गोळीही कमी केली. रोज एक अरिसे खातोय, त्यांनी अभिमानाने सांगितलं, आणि तरी.

भूदेवीने डबा घेतला, बंद केला आणि रजिस्टरच्या पलीकडे ठेवला. मग त्यांना खुर्चीत बसवलं आणि काय झालं ते सगळं सांगितलं. फुलं, खिडकी, पाणी, सही.

आधी त्यांना खरं वाटेना. मग वाटलं. चाळीस वर्षं पोरांवर ओरडून तयार झालेला आवाज लॅबच्या काचेच्या दारातून रस्त्यापलीकडे गेला. ही लॅब आहे की सरबताची गाडी? तुमच्या सहीवर विश्वास ठेवून मी गोळी सोडली, बाई. लाज नाही वाटत? एकोणीस वर्षं कसला अभ्यास केलात? माझ्या हाताखाली असतात तर अंगठे धरून उभं केलं असतं.

"हो," भूदेवी म्हणाली, आणि त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. "मूठ वळा."

बोलणं थांबलं नाही, पण मूठ वळली. सुई गेली. नरेंदर मागे उभा राहून संगणकाच्या पडद्यावरून निळी सही पुसत होता. व्यंकटराजम फोन कानाला लावून कुणाला तरी दुसऱ्यांदा तेच वाक्य सांगत होता, आणि पलीकडून येणाऱ्या शिव्या खोलीभर ऐकू येत होत्या. पंतुलुंना शोधून शोधून नवे शब्द सापडत होते. भूदेवी ऐकत होती. तिने नळीवर चिठ्ठी डकवली, रक्त गोठायला ठेवलं, रजिस्टरमध्ये नरेंदरच्या बारा शून्यांखाली एक आडवी रेघ ओढली आणि लिहिलं: ब्लँक ०.०४०, स्टँडर्ड ०.३२०.

तासाभराने पंतुलुंचा रंग आला ०.९९८. तीनशे बारा. तिने तो आकडा कागदावर लिहिला, खाली हाताने सही केली आणि ती वाळेपर्यंत फुंकर घालत उभी राहिली.